बिल सप्टेंबरचं, दर आजचा: खातेवही दुरुस्तीच्या नोंदी

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पाच वर्षांपूर्वी ते मीच लिहिलं, मागे पोस्टग्रेस आहे. माल म्हणजे टर्निंगचे सुटे भाग. निम्म्याहून जास्त माल परदेशी जातो, बिलं डॉलर आणि युरोत निघतात आणि मशीनचे काही स्पेअर येनमध्ये येतात. खालच्या नोंदी काम चालू असतानाच लिहिल्या आहेत. कोणाच्या खातेवहीत हाच दोष असेल, तर निदान माझे वाया गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत.

२ जून २०२५

सकाळी सीए मॅडमचा फोन आला. "अहो, सप्टेंबरच्या विक्रीत तुम्ही काही बदल केलात का? एप्रिलमध्ये दिलेली प्रिंट आणि आज काढलेली प्रिंट जुळत नाहीये."

सप्टेंबर २०२४ मध्ये कोणी हात घातलेला नव्हता. दुपारी सदाशिव पेठेत त्यांच्या ऑफिसात गेलो. दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकच बिल धरून बसलो. १२ सप्टेंबरचं, १२,००० डॉलरचं. २१ एप्रिलच्या प्रिंटमध्ये त्याचे रुपये होते १०,२१,२००. आजच्या प्रिंटमध्ये १०,२४,८००. भागाकार केला तर पहिल्यात दर निघतो ८५.१०, दुसऱ्यात ८५.४०. म्हणजे ज्या दिवशी प्रिंट काढली, त्या दिवसाचा दर. बिलाच्या दिवशी आपला दर होता ८३.९५ आणि खरा आकडा हवा १०,०७,४००. दोन्ही प्रिंट चुकीच्या.

घरी येऊन बघितलं तर कारण माझ्याच व्ह्यूमध्ये होतं.

```sql
SELECT l.voucher_no,
       l.amount_fc * c.rate AS amount_inr
FROM ledger_lines l
JOIN currencies c ON c.code = l.currency;
```

`currencies` मध्ये प्रत्येक चलनाची एकच ओळ. रोज सकाळी एक स्क्रिप्ट चालते आणि त्या ओळीतला दर पुसून नवा लिहिते. सुरुवातीला स्क्रीनवर "आज येणं किती" एवढंच दाखवायचं होतं आणि त्यासाठी हे बरोबर होतं. पुढे हाच व्ह्यू सगळ्या रिपोर्टना जोडत गेलो, चूक तिथे झाली.

३ जून

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात होता. इतकी वर्षं ट्रायल जुळत कशी होती? डॉलरचं येणं रोज हलतंय, पण बँकेत आलेले रुपये स्थिर आहेत. मग नावे आणि जमा जुळूच नयेत.

उत्तर ट्रायलच्या कोडमध्ये सापडलं. नावे-जमेत जो फरक उरेल तो छपाईच्या वेळी "परकीय चलन फरक" या खात्यावर टाकून बेरीज जुळवली जात होती. पहिल्या वर्षी तात्पुरतं म्हणून मी ते केलं होतं आणि मग ते तसंच राहिलं. अकाउंट्सच्या काकांना त्या खात्यावर क्लिक करायला सांगितलं. ट्रायलमध्ये खात्यावर लाखाच्या वरची रक्कम होती, आत एकही व्हाउचर नाही. काका माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हिशोब लिहिलेला माणूस, म्हणाले, "व्हाउचरशिवाय आकडा आला कुठून?"

आपल्याकडे हा दोष आहे का, हे बघायची सर्वांत सोपी खूण हीच. चलन फरकाच्या खात्यात आत जाऊन बघा. व्हाउचर दिसले नाहीत, तर ती रक्कम कोणी नोंदवलेली नाही, जुळवलेली आहे. ट्रायल जुळते यावर विसंबू नका. ती जुळावी अशीच सोय केलेली असू शकते.

जुळवणीचा कोड आज काढून टाकला. ट्रायल जुळेनाशी झाली. आता निदान खरं तरी दिसतंय.

५ जून

पहिली दुरुस्ती केली आणि ती चुकली. दोन दिवस गेले.

मी काय केलं, तर तारीखवार दरांचं `fx_rates` टेबल बनवलं आणि व्ह्यूमध्ये आजच्या दराऐवजी व्हाउचरच्या तारखेचा दर जोडला. सप्टेंबरचं बिल १०,०७,००० च्या घरात आलं, समाधान वाटलं. हे दर एका फुकटच्या साइटवरून उतरवले होते, बाजार बंद होतानाचे. मग मॅडम म्हणाल्या की पुस्तकाला एफबीआयएलचा संदर्भ दर घ्या, आधीपासून आपलं धोरण तेच आहे. जुलै २०१८ पासून डॉलर, युरो, पौंड आणि येनचे संदर्भ दर रिझर्व्ह बँकेऐवजी हीच संस्था जाहीर करते. मी टेबल रिकामं करून नवे दर भरले आणि सप्टेंबरचा आकडा पुन्हा हलला.

तेव्हा मूळ दुखणं कळलं. दर आजचा की त्या दिवसाचा, हा अर्धाच प्रश्न आहे. रिपोर्ट काढताना गुणाकार होतो, हे खरं दुखणं. जोवर गुणाकार छपाईच्या वेळी होतोय, तोवर दराच्या टेबलात कोणीही कधीही केलेली दुरुस्ती जुन्या वर्षांपर्यंत पोचणार.

म्हणून रुपये ओळीवरच कायमचे लिहायचे.

```sql
ALTER TABLE ledger_lines
  ADD COLUMN rate       numeric(14,6),
  ADD COLUMN rate_date  date,
  ADD COLUMN amount_inr numeric(16,2);
```

व्हाउचर पोस्ट होताना एकदाच गुणाकार. त्यानंतर रिपोर्ट फक्त `amount_inr` ची बेरीज करतो, `fx_rates` कडे बघतही नाही. पोस्ट झालेल्या ओळीवर `UPDATE` चालू नये म्हणून ट्रिगर लावायचा आहे, पण जुना डेटा भरून झाल्यावर. `rate_date` वेगळी ठेवली कारण दराची तारीख आणि व्हाउचरची तारीख नेहमी एक नसते. त्याचं पुढे.

९ जून

जुने रुपये भरायला घेतले. किती मागे जायचं हे मॅडमनी ठरवलं: २०२३-२४ चा ताळेबंद सही होऊन गेलाय, त्याला हात लावायचा नाही. १ एप्रिल २०२४ ची सुरुवातीची शिल्लक त्या सही झालेल्या कागदावरून जशीच्या तशी घ्यायची आणि तिथून पुढची २१४ व्हाउचर नव्याने भरायची. त्या वर्षअखेरीचं डॉलरचं येणं त्यांनी हाताने ८३.३७३९ ने काढलेलं होतं, त्यामुळे सुरुवात तरी भक्कम मिळाली.

इथे माझी दुसरी चूक. काही बिलांच्या फायलीत शिपिंग बिल होतं आणि त्यावर दर छापलेला होता. कागदावरचा दर म्हणजे पक्का पुरावा, असं समजून मी तो ३१ बिलांना लावला. मॅडमनी यादी बघताच थांबवलं. शिपिंग बिलावरचा दर सीमाशुल्काचा असतो. तो सरकार जाहीर करतं, आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा. मालाच्या निर्यातीचं जीएसटीतलं मूल्य त्या दराने धरतात. पुस्तकातली विक्री मात्र व्यवहाराच्या दिवसाच्या विनिमय दराने, एएस-११ या लेखा मानकाप्रमाणे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आणि दोन्ही वेगळे.

३१ बिलं परत केली. सीमाशुल्काचा दर फेकून न देता बिलावर वेगळ्या रकान्यात ठेवला, म्हणजे जीएसटी रिटर्नची विक्री आणि पुस्तकाची विक्री यांत फरक का, हे विचारलं की बिलवार दाखवता येईल. हा रकाना आधी असता, तर काकांचे दरवर्षीचे दोन दिवस वाचले असते.

१२ जून

दर नसलेल्या तारखा. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला दर जाहीर होत नाही, आपली बिलं मात्र शनिवारीही निघतात. म्हणून त्या तारखेचा किंवा त्याआधीचा शेवटचा दर घ्यायचा.

```sql
SELECT rate, rate_date FROM fx_rates
WHERE code = $1 AND rate_date <= $2
ORDER BY rate_date DESC
LIMIT 1;
```

यात एक धोका लपलेला आहे. दर आणणारी स्क्रिप्ट तीन आठवडे बंद पडली, तरी ही क्वेरी कुरकुर न करता तीन आठवड्यांपूर्वीचा दर देत राहील. म्हणून मर्यादा हवी. किती? कॅलेंडर काढून बसलो. मार्च २०२५ मध्ये शेवटचा दर २८ तारखेचा, शुक्रवारचा. मग शनिवार, रविवार, सोमवारी ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांची वार्षिक सुट्टी. म्हणजे १ एप्रिलच्या व्हाउचरला मिळणारा दर चार दिवसांचा जुना आणि तरी बरोबर. मर्यादा पाच दिवसांची ठेवली. त्याहून जुना दर निघाला की व्हाउचर पोस्टच होत नाही.

वर्षअखेरीचा दर नेमका सुट्टीत अडकणं काही नवीन नाही. २०२४ मध्येही ३१ मार्च रविवारी आला, २९ ला गुड फ्रायडे, आणि शेवटचा दर २८ मार्चचाच. तुमची क्वेरी `rate_date = '2025-03-31'` असं शोधत असेल, तर वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या दिवशी ती रिकाम्या हाताने येईल.

आणखी एक. दर दुपारी जाहीर होतो. सकाळी ११ ला पोस्ट केलेलं बिल कालचा दर घ्यायचं आणि त्याच दिवशी ४ ला केलेलं आजचा. आता बिल दिवसभर ड्राफ्ट राहतं आणि संध्याकाळी ७ च्या जॉबमध्ये पोस्ट होतं. मालकांना हे आवडलं नाही, त्यांना रुपये लगेच दिसायला हवे होते. ड्राफ्टवर अंदाजे रुपये करड्या अक्षरांत दाखवतो, तेवढ्यावर भागलं.

१६ जून

येन. संदर्भ दर १०० येनला असतो, १ येनला नाही. ३,८०,००० येनच्या स्पेअरचं बिल ५७ च्या दराने २ कोटी १६ लाखांवर गेलं, खरे रुपये २,१६,६००. आकडा एवढा मोठा होता म्हणून लगेच दिसला. आता दर भरतानाच शंभराने भागून ठेवतो.

पैशाचा घोळ मात्र बारीक आणि चिवट निघाला. १,००० डॉलरचं बिल तीन ओळींत: ३३३.३३, ३३३.३३ आणि ३३३.३४. दर ८३.९५३७. पार्टीच्या नावे ८३,९५३.७०. विक्रीच्या तीन ओळी वेगवेगळ्या गुणून पैशापर्यंत आणल्या की होतात २७,९८४.२९, २७,९८४.२९ आणि २७,९८५.१३. बेरीज ८३,९५३.७१. एक पैसा जास्त, आणि व्हाउचर जुळत नाही. डॉलरमध्ये सगळं बरोबर, रुपयांत नाही.

उरलेला पैसा सर्वांत मोठ्या ओळीत जिरवायचा, असं आधी केलं. काकांना पटलं नाही, कारण मग त्या ओळीचे डॉलर गुणिले दर केलं की रुपये येत नाहीत. आता "पूर्णांक फरक" नावाच्या खात्याची वेगळी ओळ पडते. मर्यादा एका व्हाउचरला एक रुपया. त्याहून जास्त फरक आला, तर ते राउंडिंग नसून चूक आहे असं धरायचं.

२० जून

आज पालख्या पुण्यात, रस्ते बंद, भोसरीला गेलो नाही. घरी बसून पैसे जमा होण्याची बाजू लिहिली.

तेच बिल पुढे नेतो. १२,००० डॉलरपैकी ७,००० डॉलर १८ नोव्हेंबरला आले. बँकेने ८४.२० ने बदलून ५,८९,४०० रुपये जमा केले. बँकेच्या ओळीला बँकेचाच आकडा, तिथे संदर्भ दर लावायचा नाही. खरोखर हातात आलेले रुपये तेच. पार्टीच्या खात्यातून मात्र ७,००० डॉलर बिलाच्या दराने, ८३.९५ ने, वजा व्हायचे: ५,८७,६५०. मधले १,७५० रुपये हा झालेला फायदा आणि तो चलन फरकाच्या खात्यात खऱ्याखुऱ्या व्हाउचरने जातो.

यासाठी जमा कोणत्या बिलापोटी आहे हे माहीत असावं लागतं. जुन्या ४० जमा नुसत्या "ऑन अकाउंट" होत्या. बँकेचे सल्लापत्रं काढून काका आणि मी एकेक लावली. या एका गोष्टीला दीड दिवस गेला आणि तो टळण्यासारखा नव्हता. जमा बिलाला बांधलेली नसेल, तर कोणत्या दराने वजा करायचं हे ठरवताच येत नाही.

२४ जून

आता वाटलं की झालं. सगळ्या ओळींवर रुपये गोठवले, रिपोर्ट हलत नाहीत. मॅडमना ३१ मार्चची येणी पाठवली, दहा मिनिटांत उत्तर: "हेही चूक आहे. शिल्लक डॉलर वर्षअखेरीच्या दराने हवेत."

बरोबर होतं त्यांचं. विक्री त्या दिवसाच्या दरावर कायमची थांबते, पण न आलेले ५,००० डॉलर हे अजून डॉलरच आहेत. ताळेबंदाच्या तारखेला त्यांचं मोल त्या तारखेच्या दराने दाखवायचं. पुस्तकात ते ८३.९५ ने ४,१९,७५०. २८ मार्चच्या ८५.५८१४ ने ४,२७,९०७. फरक ८,१५७ रुपये, नफ्यात.

इथे घाईत मी बिलाच्या येण्याच्या ओळीवरच दर आणि रुपये बदलले. बिलाची नावे बाजू वाढली, विक्रीची जमा बाजू तिथेच, व्हाउचर मोडलं. सगळा खटाटोप ज्यासाठी केला, तीच चूक पुन्हा मीच करत होतो. ट्रिगर अजून लावलेला नव्हता म्हणून ती होऊ शकली. तो आजच लावला.

नीट पद्धत अशी: ३१ मार्चचं स्वतंत्र व्हाउचर. पार्टी नावे ८,१५७, चलन फरक जमा ८,१५७. या ओळीत `amount_fc` शून्य, फक्त `amount_inr`. बिल जागचं हलत नाही आणि मार्चच्या ताळेबंदात येणं ४,२७,९०७ दिसतं. पुढच्या मार्चला दर काहीही असो, हे व्हाउचर ३१ मार्च २०२५ चंच राहणार.

२८ जून

उरलेले ५,००० डॉलर २१ एप्रिलला ८५.१० ने आले होते, ४,२५,५०० रुपये. ती जमा लावली तर फायदा ५,७५० दाखवला. मार्चमध्ये ८,१५७ आधीच धरलेले, वर हे ५,७५०. फायदा दोनदा मोजला जात होता.

कारण, जमा बिलाच्या मूळ दराशी तुलना करते आणि मार्चचं व्हाउचर तिला दिसत नाही. म्हणून वर्षअखेरीचं व्हाउचर १ एप्रिलला उलटवायचं. मग एप्रिलमध्ये आधी ८,१५७ तोटा, नंतर ५,७५० फायदा, निव्वळ २,४०७ तोटा. ताळा करून बघितला. नोव्हेंबरचे १,७५० अधिक मार्चचे ८,१५७ वजा २,४०७ म्हणजे ७,५००. बँकेत एकूण आले १०,१४,९०० आणि विक्री १०,०७,४००. फरक ७,५००. पैशापर्यंत जुळलं. काकांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलं आणि मग मान हलवली.

उलटवणं राहून गेलेल्या पार्ट्या शोधायला ही क्वेरी. डॉलर शून्य झालेत पण रुपये शिल्लक आहेत, अशी पार्टी असताच कामा नये.

```sql
SELECT party_id, currency, SUM(amount_inr)
FROM ledger_lines
WHERE account = 'DEBTORS'
GROUP BY party_id, currency
HAVING SUM(amount_fc) = 0
   AND SUM(amount_inr) <> 0;
```

पहिल्यांदा चालवली तेव्हा नऊ पार्ट्या आल्या. सहा उलटवणं राहिल्यामुळे, तीन काकांनी बँकेचं कमिशन पार्टीला न लावल्यामुळे. दुरुस्त केल्यावर शून्य. ही क्वेरी आता रोज रात्री चालते.

२ जुलै

शेवटची परीक्षा. डेटाबेसची प्रत घेतली, तिच्यात `currencies` आणि `fx_rates` मधले सगळे दर ९९९ केले आणि २०२४-२५ चे सगळे रिपोर्ट काढले. मूळ डेटाबेसच्या रिपोर्टशी फाइल टू फाइल ताडून बघितले. एका रिपोर्टमध्ये विक्री कित्येक पट झाली: ग्राहकवार विक्रीचा आलेख, जो मालक दर सोमवारी बघतात. तो जुन्या व्ह्यूवरच चालू होता, माझ्या यादीतून सुटलेला. तो नव्या रकान्यावर आणला, जुना व्ह्यू `DROP` केला आणि परत चालवलं. फरक नाही.

तीन दिवसांचं काम म्हणून मालकांना सांगितलं होतं, प्रत्यक्षात एकोणीस दिवस लागले. त्यातले जेमतेम चार कोडचे, बाकी सगळे कागद शोधण्याचे.

संध्याकाळी मॅडमच्या ऑफिसात सप्टेंबरची प्रिंट दिली. १२,००० डॉलरच्या बिलासमोर १०,०७,४००. त्यांनी एप्रिल आणि जूनच्या जुन्या दोन्ही प्रिंटवर आडवी रेघ मारून त्या याच प्रिंटच्या मागे टाचल्या.

राहिलेलं काम: ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलन खात्यातले डॉलर. तेही बँकेत डॉलर म्हणूनच पडून असतात, म्हणजे ३१ मार्चला त्यांचंही मोल वर्षअखेरीच्या दराने काढायचं. माझं व्हाउचर अजून फक्त पार्ट्यांच्या खात्यांवर चालतं. मॅडमनी १५ जुलैपर्यंत मागितलंय.